दर किती आणि कपात किती, हे पावतीवर दिसू द्या: सांगलीच्या बँकर्स समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय बँकर्स समिती, सांगली.

विषय: परदेशातून येणाऱ्या पैशाचा दर आणि त्यातली कपात ग्राहकाला कळेल अशी मांडण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

एका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त होऊन मी विश्रामबागेत राहतो. नोकरी संपली, पण लोक कागद घेऊन घरी यायचे थांबले नाहीत. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची मुलगी शारजात, कुणाचा जावई अमेरिकेत. प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: इथं दर एक दिसतो आणि खात्यात पैसे दुसऱ्याच दरानं येतात, मग मधले पैसे खाल्ले कुणी? या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे. पण ते द्यायला जे चार आकडे लागतात ते ग्राहकाकडे नसतात. त्यातले बरेचसे तुमच्या शाखांच्या संगणकात असतात. म्हणून हे पत्र ग्राहकांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

हा विषय आपल्या जिल्ह्यात किरकोळ समजला जातो. रिझर्व्ह बँकेने 2023-24 सालासाठी केलेल्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, 20.5 टक्के, निघाला. केरळ किंचित मागे होतं. आता त्यातला मोठा हिस्सा मुंबई-पुण्याचा असणार हे मीही समजतो. पण मिरजेत शिकून बाहेर गेलेल्या परिचारिका, खानापूर-आटपाडीकडची परदेशी गेलेली मुलं आणि तासगावचा बेदाणा बाहेर धाडणारे व्यापारी ज्या काउंटरवर येतात, तो तुमच्याच शाखेचा असतो.

आधी मोबाईलवरच्या दराबद्दल. शोधयंत्रात ‘डॉलर रुपया’ टाकलं की जो आकडा येतो तो मध्यदर असतो. मुंबईच्या आंतरबँक बाजारात एक बँक दुसरीकडून डॉलर घ्यायला तयार असते तो एक भाव आणि विकायला तयार असते तो दुसरा. या दोहोंच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे मध्यदर. त्या बाजारात दहा-दहा लाख डॉलरचे सौदे होतात, त्यामुळे दोन भावांतलं अंतर साधारण दिवशी एका पैशाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतं. त्या मधल्या बिंदूवर प्रत्यक्षात कुणीच कुणाला डॉलर देत-घेत नाही. विट्याच्या माणसाला हे चटकन कळतं, कारण सराफाकडे सोनं घेताना एक भाव आणि मोडताना दुसरा, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं असतं. त्या दोन भावांच्या मध्ये सराफाचं दुकान चालतं, आणि चलनातही तसंच आहे.

म्हणून जे ग्राहक ‘मोबाईलवरचाच दर द्या’ म्हणून शाखेत आवाज चढवतात, त्यांची बाजू मी घेत नाही. शाखेत सकाळी जे दरपत्रक येतं ते मुंबईच्या ट्रेझरीतून, म्हणजे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागातून येतं. तो दर दिवसभर टिकवायचा असतो. सकाळी साडेनऊला ठरवलेल्या दरानं दुपारी अडीचला सांगलीत कुणाचे 985 डॉलर विकत घेतले, आणि मधल्या वेळात बाजार वीस पैसे खाली गेला, तर तो तोटा बँकेचा. शिवाय 985 डॉलर एकटे बाजारात विकता येत नाहीत. अनेक शाखांचे असे तुकडे गोळा झाले की ट्रेझरी ते एकत्र विकते. त्यात माणसांचे पगार, तपासणी, कागदपत्रं आली, आणि नफाही आला. हे सगळं मिळून मध्यदर आणि ग्राहकाचा दर यांच्यात जे अंतर पडतं त्याला आम्ही ‘स्प्रेड’ किंवा ‘मार्जिन’ म्हणायचो. मार्जिन असण्यावर माझी हरकत नाही. ती शुल्काच्या रकान्यात कधीच दिसत नाही, दराच्या पोटात बसते, यावर आहे.

दिरहमचं उदाहरण घेतो, कारण तिथं ही मार्जिन कुणालाही घरबसल्या मोजता येते. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे: 3.6725 दिरहम म्हणजे एक डॉलर. त्यामुळे दिरहम-रुपयाचा मध्यदर वेगळा शोधावा लागत नाही. डॉलरच्या दराला 3.6725 ने भागलं की झालं. हिशेब सोपा राहावा म्हणून डॉलर बरोबर 90 रुपये धरू. मग दिरहम 24.51 रुपयांच्या एका बारक्या अंशानं खाली, 24.5065 येतो.

मिरजेच्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. मुलगी शारजात रुग्णालयात नोकरीला. “साहेब, पोरीनं तीन हजार पाठवले. मोबाईल म्हणतोय चोवीस एक्कावन्न. मग त्र्याहत्तर हजार पाचशे यायला पाहिजेत की नाही? आले बहात्तर हजार नऊशे साठ. बँकेत विचारलं तर म्हणतात आम्ही काय केलं नाही.” पासबुकात फक्त एक ओळ होती: एनईएफटी, एका एक्सचेंज हाउसचं अर्धवट छापलेलं नाव, आणि रक्कम. दिरहमचा उल्लेख नाही, दराचा तर नाहीच.

बँकेतला माणूस खरं बोलत होता. आखाती देशांतली एक्सचेंज हाउसं बहुतेक पैसे रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट या व्यवस्थेतून पाठवतात. त्यात एक्सचेंज हाउसचं भारतातल्या एखाद्या बँकेत रुपयांचं खातं असतं, ज्याला बँकेच्या भाषेत व्होस्ट्रो म्हणतात. एक्सचेंज हाउस मोठ्या रकमेचे डॉलर त्या बँकेला विकून ते खातं रुपयांनी आधीच भरून ठेवतं. मुलीनं शारजात काउंटरवर दिरहम दिले की रूपांतर तिथंच, त्या क्षणी, त्यांच्या दरानं होतं. पुढं भारतात फक्त रुपये सरकतात. मिरजेच्या शाखेत पोचेपर्यंत ते साधे एनईएफटीचे पैसे झालेले असतात. खातं सहकारी बँकेत असलं तरी तसंच. त्या बँकेला परकीय चलनाचा परवाना असण्या-नसण्याशी या पैशाचा संबंधच येत नाही. मावशी चुकीच्या दारात भांडत होत्या, आणि बरोबरचं दार कुठलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीला व्हॉट्सअॅपवर शारजाची पावती मागवली. त्यावर सगळं होतं. दर 24.32, शुल्क 20 दिरहम, त्यावर 5 टक्के व्हॅट म्हणजे 1 दिरहम. आता हिशेब करू. मुलीच्या खिशातून गेले 3,021 दिरहम. मध्यदरानं त्यांची किंमत 74,034 रुपये. आईच्या खात्यात आले 72,960. एकूण खर्च 1,074 रुपये, म्हणजे पाठवलेल्या पैशाच्या सुमारे 1.45 टक्के. यात 559 रुपये दरातल्या मार्जिनचे आणि 515 रुपये शुल्काचे. मावशींना जो फरक दिसला तो फक्त पहिला होता. दुसरा मुलीनं काउंटरवर वेगळा मोजून दिला होता, म्हणून तो आईला माहीतच नव्हता.

यात लबाडी झाली असं मी म्हणणार नाही. जागतिक बँक देशोदेशींचे पैसे पाठवण्याचे खर्च मोजते तेव्हा शुल्क आणि दरातली मार्जिन दोन्ही एकत्र धरते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत हा एकूण खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलं आहे. त्या मापानं दीड टक्क्याच्या आतला खर्च चांगलाच म्हणायला हवा. मावशींना मी तेच सांगितलं. त्यांचा राग गेला असं वाटलं नाही, पण निदान कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

खरा घोळ पुढं झाला. मुलीला मैत्रिणीनं एक अॅप सुचवलं: ‘शुल्क शून्य’. दर 24.10. मुलीला वाटलं 21 दिरहम वाचले. आता तेच 3,021 दिरहम या अॅपमधून पाठवले तर आईला मिळतात 72,806 रुपये. म्हणजे शुल्क शून्य असूनही 154 रुपये कमी. कारण 21 दिरहमचं शुल्क काढून टाकलं आणि दर 22 पैशांनी पाडला. तीन हजार दिरहमवर 22 पैसे म्हणजे 660 रुपये. 21 दिरहम म्हणजे अॅपच्या दरानं 506 रुपये. जाहिरातीत यातला पहिला आकडा नसतो.

पण शून्य शुल्कवाला नेहमीच महाग असतो, असा नियम करून ठेवू नये, कारण तोही चुकीचा ठरेल. मुलीनं फक्त 500 दिरहम पाठवायचे ठरवले तर? पहिल्या ठिकाणी 21 दिरहम आधी वजा होतात, उरलेले 479 दिरहम 24.32 नं 11,649 रुपये होतात. शून्य शुल्काच्या अॅपमधून 500 दिरहमचे 12,050 येतात. चारशे रुपयांचा फरक, आणि या खेपेला अॅप पुढं. ज्या एक्सचेंज हाउसचा खर्च तीन हजारांवर दीड टक्क्याच्या आत होता, त्याचाच पाचशेवर जवळजवळ 5 टक्के होतो, कारण शुल्क ठरावीक असतं आणि मार्जिन रकमेबरोबर वाढते. वरच्या दोन दरांचा तोल सुमारे 2,320 दिरहमवर सांभाळला जातो. त्याखाली शून्य शुल्क स्वस्त, त्यावर शुल्क देऊन चांगला दर घेणं स्वस्त. आकडे रोज बदलतील, पण तोलाचा बिंदू काढायची रीत हीच: शुल्काला दरांच्या फरकानं भागायचं आणि चांगल्या दरानं गुणायचं. पदवीला असलेल्या माझ्या पुतण्याला हे मी कागदावर न लिहिता करून दाखवायला सांगितलं तर त्यानं कॅल्क्युलेटर मागितला. म्हणून लोकांना मी त्याहून सोपी रीत सांगतो. पाठवणाऱ्याच्या खिशातून शुल्कासकट एकूण किती दिरहम गेले, आणि इथं खात्यात किती रुपये आले. रुपयांना दिरहमनं भागा. पहिल्या ठिकाणचं उत्तर येतं 24.15, अॅपचं 24.10. यालाच खरा दर म्हणायचं. बाकी कुठल्याही फलकावरचा दर बघायची गरज राहत नाही.

तुलना करायची तर वेळ मात्र तीच पाहिजे. शनिवार-रविवारी आपला चलनबाजार बंद असतो. सोमवारी तो कुठल्या दरानं उघडेल हे कुणाला माहीत नसतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी दर देणारा स्वतःसाठी जास्त मार्जिन ठेवतो. अमिरातीतही 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली आहे, त्यामुळे तिथली मुलं नेमकी शनिवारी मोकळी असतात आणि नेमक्या त्याच दिवशी पैसे पाठवतात. शिवाय नव्या ग्राहकाला पहिल्या खेपेला मध्यदर देऊन दुसऱ्या खेपेपासून मार्जिन लावण्याची पद्धतही सर्रास आहे. पहिल्या महिन्याच्या पावतीवर विश्वास टाकून वर्षभर तपासायचं सोडलेली घरं मी पाहिली आहेत.

हे झालं जिथं रूपांतर परदेशात होतं त्याचं. आता तुमच्या शाखांच्या दारातला प्रकार. अमेरिकेतून बँकेमार्फत स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून, डॉलर येतात तेव्हा ते डॉलर म्हणूनच इथल्या बँकेपर्यंत पोचतात आणि रूपांतर तुम्ही करता. समजा तिकडून 1,000 डॉलर निघाले. मध्यदर 90, म्हणजे 90,000 रुपये. खात्यात जमा झाले 87,605 च्या आसपास. 2,395 रुपयांची तूट. खातेदार सरळ शाखाधिकाऱ्याला जाब विचारतो. आणि शाखाधिकारी, ज्याच्या शाखेत महिन्याला असे मोजकेच व्यवहार येतात, “दर मुंबईहून येतो” इतकंच सांगून मोकळा होतो.

त्या तुटीचे तीन भाग आहेत. वाटेत मधल्या बँकेनं 15 डॉलर कापून घेतले, म्हणून तुमच्याकडे 985 च आले. हे झाले 1,350 रुपये, म्हणजे तुटीतला निम्म्याहून मोठा भाग, आणि त्याचा तुमच्याशी काहीच संबंध नाही. पाठवणाऱ्यानं फॉर्मवर SHA निवडलं की खर्च वाटून जातो आणि मधल्या बँका आपापलं शुल्क रकमेतूनच काढतात. OUR निवडलं तर सगळा खर्च पाठवणारा वेगळा देतो आणि रक्कम सहसा पूर्ण पोचते. दुसरा भाग तुमच्या दराचा. तुमचा टीटी खरेदीचा दर, म्हणजे खात्यावर आलेले डॉलर विकत घ्यायचा दर, 89.10 होता, म्हणजे मध्यदराहून 90 पैसे कमी. 985 डॉलरवर 886 रुपये. तिसरा जीएसटी. चलन बदलून देण्याच्या सेवेची किंमत नियमात ठरवून दिलेली आहे. एक लाख रुपयांपर्यंत रकमेच्या 1 टक्का, पण किमान 250 रुपये. आणि कर 18 टक्के, तो या किमतीवर, पूर्ण रकमेवर नव्हे. इथं 87,763 रुपयांचा 1 टक्का 878, त्यावर कर 158. पंचवीस हजारांच्या आतल्या कुठल्याही रकमेवर तो 45 रुपये होतो. ‘परदेशातून आलेल्या पैशावर 18 टक्के कर कापतात’ अशी अफवा गावोगाव फिरते तिचं मूळ इथं आहे. पावतीवर नुसतं ‘जीएसटी 18%’ छापलेलं असतं आणि कशावर ते छापलेलं नसतं.

मधल्या बँकेची कपात कुणी केली हे शोधता येतं. प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला UETR नावाचा, अक्षरं, अंक आणि मधल्या रेघा धरून 36 चिन्हांचा क्रमांक असतो. तुमचा परकीय चलन विभाग त्यावरून पैसा कुठल्या बँकेतून कधी गेला आणि बहुतेक वेळा कुठं किती कापला गेला हे पाहू शकतो. मी नोकरीत असताना हे विचारणारा ग्राहक क्वचित यायचा. आज विचारणारे आहेत, पण काय विचारायचं ते त्यांना कळत नाही.

शाखेतल्या फलकाबद्दलही बोललं पाहिजे. दरपत्रकात डॉलरसमोर सहा-आठ रकाने असतात: टीटी खरेदी, टीटी विक्री, बिल खरेदी, नोटा खरेदी, नोटा विक्री वगैरे. परदेशातून खात्यावर आलेल्या पैशाला टीटी खरेदी लागू. नोटांच्या खरेदीचा दर त्याहून बराच कमी असतो, आणि त्याला कारण आहे. कागदी नोटा सांभाळाव्या लागतात, तपासाव्या लागतात, विमा उतरवून मुंबईला आणि पुढं परदेशात न्याव्या लागतात, आणि तोवर त्यांच्यात अडकलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. पण फलकावर कुठला रकाना कुणासाठी हे मराठीत कुठंच लिहिलेलं नसतं. लोक नोटांचा दर वाचून घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला ‘बँक फार कमी देते’ म्हणून कळवतात आणि मुलगा हवालावाल्याकडे वळतो. तो बेकायदा तर आहेच. वर पैसे अडकले तर दाद मागायला हातात चिटोरंही नसतं.

माझ्या मागण्या तुमच्या अधिकाराच्या आतल्या आहेत. दर तुम्ही ठरवत नाही, समितीनं ठरवावा असंही मी म्हणत नाही. पहिली मागणी फलकाची. टीटी खरेदीच्या रकान्याशेजारी एफबीआयएल या संस्थेनं बाजारातल्या सौद्यांवरून काढलेला संदर्भ दर लावावा आणि ‘परदेशातून खात्यात आलेल्या पैशाला हा रकाना’ एवढं मराठीत लिहावं. एफबीआयएल डॉलर, युरो, पौंड, येन अशा चलनांचा संदर्भ दर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी जाहीर करतं, त्यामुळे आदल्या कामकाजाच्या दिवसाचा दर रोज सकाळी लावायला काही अडचण नाही. खाली एक ओळ दिरहमची: डॉलरचा संदर्भ दर भागिले 3.6725. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही.

दुसरी मागणी पावतीची, आणि माझ्या मते हीच महत्त्वाची. स्विफ्टनं आलेल्या प्रत्येक रकमेसाठी ग्राहकाला जो सूचनापत्राचा कागद मिळतो, किंवा खरं तर मागितला तरच मिळतो, त्यावर पाच ओळी वेगळ्या असाव्यात: पाठवलेली परकीय रक्कम, आपल्याकडे पोचलेली रक्कम, लावलेला दर आणि त्या दिवशीचा संदर्भ दर, बँकेचं शुल्क असल्यास ते, आणि जीएसटी किती रकमेवर किती. सगळे आकडे तुमच्या प्रणालीत आहेत. ‘पाठवलेली रक्कम’ संदेशातच येते, तरीही बहुतेक कागदांवर फक्त पोचलेली छापली जाते. त्यामुळे मधल्या बँकेचे 15 डॉलर तुमच्या नावावर खर्ची पडतात. ही मागणी मान्य केली तर शाखांचीच डोकेदुखी कमी होईल.

यावर मुंबईहून उत्तर काय येईल हे मला ठाऊक आहे, कारण मी तिकडच्या बाजूला बसून असली उत्तरं लिहिली आहेत. ‘संदर्भ दर दुपारचा, आमचा दर सकाळचा, तुलना बरोबर नाही.’ मुद्दा खरा आहे, दहा-वीस पैसे इकडेतिकडे होतील. पण 90 पैशांचं अंतर आणि दोन रुपयांचं अंतर यांतला फरक ग्राहकाला कळायला दहा-वीस पैशांची चूक आड येत नाही. आणि पावतीवर तळटीप टाकायला जागा असते.

तिसरी मागणी शाखेतल्या माणसांची. दरपत्रकावरचा दर हा किरकोळ रकमांसाठी असतो. रक्कम मोठी असली की शाखेनं ट्रेझरीला फोन करून त्या क्षणीचा दर मागायचा असतो, आणि तो बहुधा दरपत्रकापेक्षा चांगला मिळतो. हे परकीय चलन विभागात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तासगावच्या मोठ्या निर्यातदारालाही ठाऊक असतं, म्हणून तो घासाघीस करून काही पैशांच्या मार्जिनवर दर घेतो. नोकरीतून निवृत्त होऊन परदेशातली सगळी शिल्लक एकदाच घरी आणणाऱ्या माणसाला मात्र ते कुणी सांगत नाही. वीस हजार डॉलरवर 90 पैशांऐवजी 40 पैसे मार्जिन लागली तर 10,000 रुपये वाचतात. पण रक्कम खात्यात जमा होऊन दर लागल्यावर काही करता येत नाही, तेव्हा शाखेनं आधी विचारायला हवं. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं एफएक्स-रिटेल हे व्यासपीठ 2019 पासून चालू आहे. त्यावर छोट्या निर्यातदारालाही बाजाराचा दर मिळतो आणि बँक आपलं शुल्क वेगळं, आधी सांगून घेते. जिल्ह्यातल्या किती शाखांनी एखाद्या बेदाणा व्यापाऱ्याला त्यावर नोंदवून दिलं आहे, हा आकडा समितीनं एकदा मागवावा.

बाजारपेठेतल्या एजंटांबद्दल थोडक्यात. मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीमखाली किराणा किंवा मोबाईलच्या दुकानात रोख पैसे देणाऱ्यांचा दर पाठवणाऱ्याच्या टोकाला ठरतो. एका खेपेला 2,500 डॉलरची मर्यादा, वर्षाला एका माणसाला तीस खेपा, आणि रोख फक्त 50,000 रुपयांपर्यंत. पैसे घेणाऱ्याकडून दुकानदारानं वर ‘कमिशन’ मागायचं कारण नाही. जत भागात असं मागितल्याचं ऐकायला येतं. ही दुकानं कुठल्या ना कुठल्या बँकेशी किंवा परवानाधारक संस्थेशी जोडलेली असतात. त्यांच्या दारावर ‘घेणाऱ्याकडून शुल्क नाही’ अशी पाटी लावून घेणं तुमच्या हातात आहे.

समितीच्या पुढच्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. पाच ओळींच्या पावतीचा नमुना मी तयार केला आहे, वरच्या 1,000 डॉलरच्या हिशेबासह. तो अग्रणी बँकेच्या कार्यालयात आणून देतो, आणि बैठकीला बोलावलं तर कुणाही ट्रेझरी अधिकाऱ्यासमोर बसून त्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगायची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
परकीय चलन विभागातून निवृत्त झालेला एक बँक अधिकारी
विश्रामबाग, सांगली